फ्रिंज विड्थची बारा गणितं आणि काजळीची एक काच : माझ्या नोंदी

बारावीच्या फिजिक्सच्या असाइनमेंटमध्ये सरांनी बारा गणितं दिली. सगळी यंगच्या दोन स्लिटच्या मांडणीवर. पहिली दहा निव्वळ फ्रिंज विड्थची, शेवटची दोन व्यतिकरण आणि विवर्तन एकत्र असलेली. पुढच्या वर्षी हीच गणितं ज्यांच्या वाट्याला येतील त्यांच्यासाठी रोजच्या रोज लिहून ठेवते आहे. कुठे अडले आणि किती वेळ गेला, तेही लिहिलं आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

पहिलं गणित सोपं होतं. स्लिटमधलं अंतर d ०.२५ मिमी, पडद्यापर्यंतचं अंतर D १.२ मीटर, तरंगलांबी λ ६०० नॅनोमीटर. फ्रिंज विड्थ काढा. सूत्र पाठ आहे:

β = λD/d

किमती घातल्या आणि उत्तर आलं २.८८ मायक्रोमीटर. तसंच वहीत उतरवून मी पुढे गेले. तिसऱ्या गणितात त्याच मांडणीतला पाचवा तेजस्वी पट्टा मधल्यापासून किती लांब आहे हे विचारलं होतं, तेव्हा उत्तर १४ मायक्रोमीटर आलं आणि थांबले. आपल्या केसाची जाडीसुद्धा याहून जास्त असते. एवढ्याशा अंतरात पाच पट्टे असतील, तर यंगला ते डोळ्यांनी दिसले कसे?

चूक साधीच होती. D मीटरमध्ये घातला होता आणि d मिलिमीटरमध्येच राहिला होता. उत्तर हजारपटीने लहान आलं. पण ती शोधायला पाऊण तास गेला, कारण मी पुन्हा पुन्हा दहाचे घातांकच तपासत बसले.

त्यानंतर एक सवय लावून घेतली. सर्वात आधी D आणि d एकाच एककात आणून त्यांचा भागाकार करायचा. इथे १२०० मिमी भागिले ०.२५ मिमी म्हणजे ४८००. या आकड्याला एकक नाही. मांडणी तरंगलांबीला किती पटीने मोठं करून पडद्यावर दाखवते, ते तो सांगतो. ६०० नॅनोमीटरचे ४८०० पट म्हणजे २८,८०,००० नॅनोमीटर, म्हणजेच २.८८ मिमी. पट्टी लावून मोजता येईल इतकं.

आता हा भागाकार शंभराच्या आत किंवा लाखाच्या वर गेला, की एकक चुकलं असणार असं धरते आणि मागे वळते. असाइनमेंटमधल्या सगळ्या गणितांत तो एक हजार ते वीस हजारांच्या मधे आला.

३ ऑगस्ट, रविवार

दुसरं ते सहावं गणित झालं. पाण्यात बुडवलेली मांडणी (λ अपवर्तनांकाने भागायची, β त्याच प्रमाणात कमी होते) आणि दोन रंगांचे पट्टे एकमेकांवर कुठे येतात, यांत काही अडलं नाही.

अडले ते चौथ्यात. β ०.८ मिमी दिली होती. एका बाजूचा तिसरा तेजस्वी पट्टा आणि दुसऱ्या बाजूचा पाचवा काळा पट्टा यांतलं अंतर हवं होतं. तेजस्वीसाठी ३β घेतलं. काळ्यासाठी वहीतलं सूत्र (m + १/२)β होतं, त्यात m = ५ घालून ५.५β आलं. बेरीज ८.५β, उत्तर ६.८ मिमी. मैत्रिणीचं उत्तर ६ मिमी. तिच्या सूत्रात (m − १/२)β होतं, त्यामुळे पाचव्या काळ्याला ४.५β.

दोघींची सूत्रं बरोबर होती. माझ्या सूत्रात m शून्यापासून सुरू होतो, तिच्यात एकपासून. पहिला काळा पट्टा माझ्याकडे m = ० ला येतो, म्हणून पाचव्यासाठी मला m = ४ घालायला हवं होतं.

यावर सूत्र बाजूला ठेवून एक आडवी रेघ काढली. मध्ये शून्य. दोन्ही बाजूंना १, २, ३ अशा खुणा, त्या तेजस्वी. दोन खुणांच्या बरोबर मध्ये फुली, ती काळी. शून्यापासून निघून पाचव्या फुलीपर्यंत बोटाने गेलं, की आपण ४ आणि ५ च्या मध्ये असतो. हे पाहिल्यावर पाठांतराची गरज राहिली नाही. चौथं, पाचवं आणि आठवं, तिन्ही या एकाच रेघेवर सुटली.

रेघ काढताना एक गोष्ट लक्षात आली, ती इथे नोंदवून ठेवते कारण पुढे तिचाच प्रश्न आला. फ्रिंज विड्थ या नावामुळे मी इतके दिवस एका पट्ट्याची जाडी डोळ्यांसमोर आणत होते. β ही खरं तर एका तेजस्वी पट्ट्याच्या मध्यापासून शेजारच्या तेजस्वी पट्ट्याच्या मध्यापर्यंतची चाल आहे. पट्टे मोजायचे की चाली, हे आधी ठरवावं लागतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

दहाव्यापर्यंत पोचले. अकरावंही झालं, त्यात एकाच स्लिटच्या विवर्तनाच्या मधल्या रुंद उजेडाची रुंदी विचारली होती: २λD/a. इथे a म्हणजे स्लिटची स्वतःची रुंदी. d आणि a यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आकृतीत d निळ्या आणि a लाल पेनाने लिहिते.

बारावं मात्र संध्याकाळभर सुटलं नाही. d ०.५ मिमी, a ०.१ मिमी, λ ६५० नॅनोमीटर, D २ मीटर. प्रश्न: विवर्तनाच्या मधल्या उजेडात दोन स्लिटच्या व्यतिकरणाचे किती तेजस्वी पट्टे मावतात?

माझी रीत अशी होती. D/d ४०००, म्हणून β २.६ मिमी. मधल्या उजेडाची पूर्ण रुंदी २६ मिमी. २६ भागिले २.६ म्हणजे १०. आकडेसुद्धा न घालता हेच मिळतं, कारण λ आणि D दोन्हींकडे सारखेच आहेत आणि उरतं फक्त २d/a. वर्गातल्या बहुतेकांचं उत्तर १० आहे. गाइडमध्येही अशा गणिताचं उत्तर याच रीतीने काढलेलं सापडलं.

मग परवाची रेघ आठवली. मधला पट्टा धरून दोन्ही बाजूंना सारखेच पट्टे असणार, म्हणजे एकूण संख्या विषमच यायला हवी. दहा येतीलच कसे?

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी रेघ परत काढली, या वेळी मोजून. मधला उजेड शून्यापासून दोन्हीकडे १३ मिमीपर्यंत. तेजस्वी पट्टे ०, २.६, ५.२, ७.८, १०.४ आणि १३ मिमीवर. पाचवा पट्टा बरोबर उजेडाच्या काठावर बसतो, आणि तो काठ म्हणजे विवर्तनाचा पहिला काळोख.

तिथे नेमकं काय होतं हे समजून घ्यायला बराच वेळ दिला. पाचव्या पट्ट्याच्या दिशेने दोन स्लिटमधून निघालेल्या प्रकाशात ५λ इतकं पथांतर आहे, म्हणजे दोघांचा मेळ बसतो आणि तिथे उजेड व्हायला हवा. पण त्याच दिशेला एकाच स्लिटच्या दोन कडांमधून निघालेल्या प्रकाशात पूर्ण λ चं पथांतर पडतं. त्यामुळे स्लिटच्या वरच्या अर्ध्या भागातून येणारा प्रकाश खालच्या अर्ध्या भागातून येणाऱ्याला पुसून टाकतो. दोन्ही स्लिट त्या दिशेला काहीच पाठवत नाहीत, मग मेळ बसणार तो कशाचा? तो पट्टा गायब असतो.

म्हणून दिसणारे पट्टे: मधला एक, आणि दोन्ही बाजूंना चार-चार. एकूण ९. मधल्या उजेडाची रुंदी १० चाली आहे हे खरंच, पण त्या १० चालींच्या मध्ये ९ च पट्टे उभे आहेत, दोन्ही टोकांचे पट्टे उगवतच नाहीत. २d/a हे सूत्र चाली मोजतं.

गाइडच्या उत्तराविरुद्ध लिहायचं तर हातात काहीतरी हवं. म्हणून प्रत्यक्ष करून पाहायचं ठरवलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

खर्च: लाल लेझर पॉइंटर १५० रुपये (वर ६५० नॅनोमीटर लिहिलेलं), दाढीची ब्लेड ३० रुपये. काचेच्या तीन स्लाइड कॉलेजच्या लॅबमधून मागून आणल्या.

स्लाइड मेणबत्तीवर धरून काजळी धरायची आणि ब्लेडने दोन समांतर रेघा ओढायच्या, असा बेत. पहिली स्लाइड ज्योतीवर एकाच जागी धरून ठेवली, ती तडकली. दुसरी ज्योतीच्या टोकावर सतत पुढे-मागे हलवत राहिले, तेव्हा सारखा काळा थर बसला. मग दोन ब्लेड एकमेकांना चिकटवून रेघ ओढली. ब्लेड ०.१ मिमी जाड असतं, म्हणून रेघांमधलं अंतरही साधारण तेवढंच आलं. पण दोन रेघांमधली काजळीची भिंत इतकी बारीक होती की ती जागोजागी ढासळली आणि दोन्हींची मिळून एकच रुंद स्लिट झाली. भिंतीवर फक्त विवर्तन दिसलं, बारीक पट्टे नाहीत.

तिसऱ्या स्लाइडसाठी दोन ब्लेडच्या मध्ये वहीच्या कागदाचा एक तुकडा घातला आणि पट्टीला टेकवून, जोर न देता एकदाच ओढलं. परत त्याच रेघेवरून ब्लेड फिरवायचं नाही, नाहीतर कडा फाटतात. या वेळी जमलं.

लेझर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला, बटण कपड्यांच्या चिमट्याने दाबून धरलं. खोलीत दिवा बंद. समोरच्या भिंतीवर कागद चिकटवला. लेझर डोळ्यांच्या उंचीच्या खाली ठेवला आणि धाकट्या भावाला खोलीबाहेर बसवलं, कारण सरळ किरण डोळ्यांत जाता कामा नये. कागदावर लाल ठिपक्यांची ओळ उमटली तेव्हा आईला हाक मारून बोलावलं.

१० ऑगस्ट, रविवार

मोजमाप. स्लाइडपासून भिंतीपर्यंत ३.२ मीटर. मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन स्पष्ट ठिपके, एकूण सात. प्रत्येकाच्या मध्यावर पेन्सिलने खूण केली आणि दिवा लावून मोजलं. पहिल्या खुणेपासून सातव्यापर्यंत ५९ मिमी.

५९ ला ७ ने भागलं, β ८.४ मिमी. त्यावरून d ०.२५ मिमी आलं. वहीत लिहिलं आणि झोपले. रविवारची नोंद इथे संपायला हवी होती, पण मंगळवारी लॅबमध्ये हे उत्तर टिकलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लॅबमधल्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली स्लाइड ठेवली. पहिल्या खेपेला d ०.१७ मिमी आलं. लॅबच्या दादांनी विचारलं, "स्क्रू उलटा फिरवलास का मधे?" फिरवला होता. क्रॉसवायर रेघेच्या पुढे गेली म्हणून मी मागे आणली होती, आणि स्क्रूच्या आट्यांमधल्या ढिलाईने वाचन खाल्लं. पूर्ण मागे नेऊन एकाच दिशेने परत आले. एका रेघेच्या मध्यावर ४.३१२ सेमी, दुसरीच्या मध्यावर ४.३३३ सेमी. फरक ०.०२१ सेमी, म्हणजे d ०.२१ मिमी. हेच आणखी दोनदा घेतलं, तेवढंच आलं. रेघेची स्वतःची रुंदी a ०.०५ मिमी.

मग घरचं ०.२५ चुकलं कुठे? D परत मोजावा का, लेझरवरचा आकडा खोटा असेल का, असं बरंच डोक्यात आलं. घरी येऊन पेन्सिलच्या खुणांचा कागद समोर ठेवला आणि खुणांमधल्या जागा मोजल्या. सहा. सात ठिपक्यांमध्ये सहाच चाली असतात, आणि मी सातने भागलं होतं. बाराव्या गणितात जे इतरांचं चुकलं म्हणून मी शोधत होते, तेच भिंतीवर मी स्वतः केलं होतं.

५९ भागिले ६ म्हणजे ९.८३ मिमी. त्यावरून d ०.२१२ मिमी. मायक्रोस्कोपशी जुळलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

आता मुख्य प्रश्न: चौथा ठिपका का दिसला नाही?

d/a काढलं: ०.२१ भागिले ०.०५ म्हणजे ४.२. विवर्तनाचा काळोख ४.२ व्या चालीवर येतो आणि चौथा ठिपका ४ वर. म्हणजे गणिताने तो काठाच्या आत आहे, मावतो. सूत्राने मोजले तर मधल्या उजेडात ९ ठिपके हवेत, मला ७ दिसले. एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा संख्या जुळेना.

या वेळी प्रत्येक ठिपक्याची तेजस्विता काढली. एका स्लिटच्या विवर्तनाचं सूत्र (sin x / x)² आहे, आणि m व्या ठिपक्यासाठी x = πma/d. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवायला विसरू नका, मी एकदा विसरले आणि सगळे ठिपके जवळजवळ सारखेच तेजस्वी आले. मधला १०० धरला तर पहिला ८३, दुसरा ४४, तिसरा १२ आणि चौथा फक्त ०.२५. म्हणजे मधल्याच्या चारशेव्या भागाइतका. काठाला इतका चिकटलेला ठिपका असून नसल्यासारखाच.

पुढचेही काढले. पाचवा २.३, सहावा ४.७. काळोख ओलांडल्यावर ठिपके परत उजळतात. रात्री कागद बाजूला वाढवून पाहिलं, आणि रिकाम्या जागेपलीकडे दोन्ही बाजूंना फिकट ठिपके खरोखरच होते. मधल्यापासून सहाव्याचं अंतर ५९ मिमी भरलं, ६ × ९.८३ इतकंच. म्हणजे चालींची मोजणी काळोखातही चालूच होती, फक्त चौथ्या जागेवर उजेड पोचला नव्हता.

माझ्या ठिपक्यांमधला काळोख पूर्ण काळा नाही, किंचित लालसर आहे. दोन रेघा अगदी सारख्या रुंदीच्या नसतील तर एकीचा प्रकाश दुसरीला पूर्ण पुसू शकत नाही, त्यामुळे असं होतं. पट्ट्यांमधल्या अंतरावर याचा परिणाम होत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

असाइनमेंट दिली. बाराव्याचं उत्तर असं लिहिलं: मधल्या उजेडाची रुंदी १० फ्रिंज विड्थ, त्यात दिसणारे तेजस्वी पट्टे ९, कारण पाचव्या क्रमाचे दोन्ही पट्टे विवर्तनाच्या काळोखावर पडतात. शेजारी रेघेची आकृती आणि पेन्सिलच्या खुणांचा कागद जोडला.

सरांनी कागद बराच वेळ पाहिला. म्हणाले, "बोर्डाच्या पेपरात 'किती पट्टे मावतात' आलं, तर आधी रुंदीचं गुणोत्तर लिही. त्याला मार्क असतात. मग क्रम तपास आणि संख्या लिही." मग विचारलं, "तुझा a मायक्रोस्कोपवर ०.०५ आला. पण त्याचं लीस्ट काउंट ०.०१ मिमी आहे. मग a ०.०४५ नाही कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. a मध्ये एवढा फरक पडला तर d/a ४.२ चं ४.७ होतं, आणि मग चौथा ठिपका चांगला दिसायला हवा.

१६ ऑगस्ट, शनिवार

सरांच्या प्रश्नावर एक उपाय केला. स्लाइडच्या काच असलेल्या बाजूने (काजळीच्या बाजूने नाही, रेघा पुसल्या जातात) एक ब्लेड हळूहळू सरकवत नेलं, एक स्लिट झाकली जाईपर्यंत. बारीक ठिपके एकदम नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी एक सलग लाल पट्टा उरला, पूर्वीपेक्षा मंद. दोन्ही टोकांच्या काळोखाच्या मध्यांवर खुणा केल्या. तीन वेळा केलं: ८१, ८२, ८३ मिमी.

८२ मिमी म्हणजे २λD/a. त्यावरून a ०.०५१ मिमी, आणि खुणांच्या एक-एक मिलिमीटरच्या फरकाने त्यात ०.००१ मिमीचाही फरक पडत नाही. मायक्रोस्कोपखाली जे ०.०४ आणि ०.०६ च्या मधे कुठेही असू शकलं असतं, ते भिंतीवर ८ सेंटिमीटर रुंद होऊन पट्टीने मोजता आलं. भिंतीवरूनच आलेलं d ०.२१२ मिमी घेतलं, तर d/a ४.२ च राहिलं. सोमवारी सरांना हा दुसरा कागद देणार आहे.